पिनाटुबोच्या गंधकाची दोन वर्षं

प्रश्न: २०२२ मध्ये टोंगाचा ज्वालामुखी एवढा प्रचंड फुटला, राख थेट पन्नास किलोमीटरच्या वर गेली म्हणतात. तरी जग थंड झालं नाही. मग १९९१ च्या पिनाटुबोने पृथ्वीचं तापमान अर्ध्या अंशाने उतरवलं, ते कसं? आणि राख दोन-दोन वर्षं वर तरंगत कशी राहते? कुणी नीट समजावून सांगेल का?

उत्तर:

राख वर राहत नाही. आधी एवढी एकच गोष्ट मनातून काढा, म्हणजे बाकीचं सोपं होईल. राख म्हणजे काचेचा आणि दगडाचा चुरा. त्यातले जाड कण काही तासांत खाली येतात, बारीक कण काही दिवसांत, आणि अगदीच सूक्ष्म कण काही आठवड्यांत. वर्षभर टिकून सूर्यप्रकाश अडवतं ते गंधकाम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांचं धुरकट आवरण, आणि स्फोट होतो त्या दिवशी ते अस्तित्वातही नसतं. ते पुढच्या महिना-दोन महिन्यांत वरच्या हवेतच तयार होतं. म्हणून स्फोट किती मोठा किंवा किती उंच, हे विचारून उत्तर मिळत नाही. किती गंधक, कोणत्या उंचीवर, कोणत्या अक्षांशावर आणि त्याचे थेंब केवढे झाले, हे विचारावं लागतं.

माझं काम लायडारचं. रात्री आकाशात हिरव्या लेसरचे स्पंद सोडायचे आणि परत येणारा प्रकाश किती वेळाने आणि किती आला ते मोजायचं. वेळेवरून उंची कळते, प्रमाणावरून तिथे काय आहे ते कळतं. राख आणि थेंब यांतला फरकही हाच प्रकाश सांगतो. लेसरचा प्रकाश एकाच प्रतलात कंप पावत असतो. गोल थेंबावरून परतताना तो जवळजवळ तसाच परततो; खडबडीत, कोनाकोनांच्या राखेवरून परतताना त्याची दिशा विस्कटते. पिनाटुबोचा थर भारतावर आला तेव्हा मी या कामात नवीन होते. पावसाळ्यात ढगांमुळे लायडारचे दरवाजे बंद असतात, त्यामुळे आम्हांला तो थर नीट दिसला तो पाऊस सरल्यावर. वीस ते पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यातून इतका प्रकाश परतत होता की पहिल्या रात्री आम्ही यंत्रच तपासत बसलो. पण प्रकाशाची दिशा विस्कटलेली नव्हती. वर राख नव्हती, थेंब होते.

आता मूळ घटनेकडे जाऊ. पिनाटुबो फिलिपाइन्समधल्या लुझॉन बेटावर आहे, विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १५ अंशांवर, म्हणजे जवळपास गोव्याच्याच अक्षांशावर. १५ जून १९९१ च्या दुपारी त्याचा मुख्य उद्रेक झाला. त्याच दिवशी युन्या नावाचं चक्रीवादळ तिथून जात होतं, त्यामुळे खाली पाऊस आणि राख यांचा चिखल पडत होता. वर मात्र उद्रेकाचा स्तंभ पस्तीस किलोमीटरच्या आसपास पोचून छत्रीसारखा पसरला. उपग्रहांच्या मोजणीप्रमाणे त्या स्तंभाने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वायू वर नेला.

इथे उंची का महत्त्वाची, ते थोडं थांबून सांगते. आपण राहतो त्या खालच्या हवेत, म्हणजे तपांबरात, वर जाल तशी थंडी वाढते. गरम हवा वर चढते, ढग बनतात, पाऊस पडतो आणि हवा सतत धुतली जाते. उष्ण कटिबंधात हे साधारण १६-१७ किलोमीटरपर्यंत चालतं. त्याच्या वर स्थितांबर. तिथे ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषतो, म्हणून वर जाल तसं तापमान वाढत जातं. थंड हवा खाली आणि उबदार हवा वर, अशी रचना असली की उभी घुसळण थांबते. ढग नाहीत, पाऊस नाही, धुणारं कुणी नाही. खाली सोडलेलं गंधक आठवडाभरात पावसाबरोबर जमिनीवर येतं. तेच इथे पोचलं तर वर्षभर राहतं.

याचा अंदाज एका तुलनेने येईल. त्या काळात जगभरचे कारखाने, वीजकेंद्रं आणि धातू गाळणाऱ्या भट्ट्या मिळून वर्षाला दहा कोटी टनांहून अधिक सल्फर डायऑक्साइड हवेत सोडत होत्या, म्हणजे पिनाटुबोच्या पाच-सात पट. त्या गंधकानेही सूर्यप्रकाश अडतो, पण ते सतत धुतलं जात असल्यामुळे कोणत्याही एका दिवशी हवेत असलेला साठा लहानच असतो. पिनाटुबोचं गंधक एकदाच आलं आणि साठून राहिलं.

वायू स्वतः फारसा थंडावा देत नाही. त्याचे थेंब व्हावे लागतात. सूर्यप्रकाशामुळे वरच्या हवेत हायड्रॉक्सिल नावाचे फार चपळ आणि अल्पायुषी रेणू तयार होत असतात. ते सल्फर डायऑक्साइडला पकडतात, पुढच्या पायऱ्यांत ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ सामील होते आणि सल्फ्युरिक ॲसिड, म्हणजे गंधकाम्ल बनतं. हे अम्ल त्या थंड हवेत वायुरूपात टिकत नाही. ते थोडं पाणी ओढून घेऊन थेंब होतं. त्या थेंबात वजनाने साधारण तीन भाग अम्ल आणि एक भाग पाणी असतं. उद्रेकानंतर साधारण महिन्याभरात निम्म्याहून जास्त वायूचं असं रूपांतर झालं. तोवर वाऱ्यांनी तो पट्टा सुमारे तीन आठवड्यांत पृथ्वीभोवती फिरवूनही आणला होता.

आता हिशोब करून पाहू, कारण हिशोबाशिवाय हे पटत नाही. वायू १.७ कोटी टन धरा. सल्फर डायऑक्साइडच्या एका रेणूचं वजन ६४ आणि त्यापासून बनणाऱ्या अम्लाच्या रेणूचं ९८. म्हणजे वजन दीडपट होतं: २.६ कोटी टन अम्ल. त्यात एक-चतुर्थांश पाणी मिसळलं की साडेतीन कोटी टनांच्या जवळ. तोपर्यंत काही थेंब खाली निघूनही गेलेले असतात. प्रत्यक्षात मोजलेला सर्वाधिक साठा सुमारे तीन कोटी टनांचा होता, आणि तो हिशोबाशी जुळतो.

तीन कोटी टन ऐकायला अफाट वाटतं. पृथ्वीच्या पृष्ठभागावर सारखं पसरून पाहा. पृथ्वीचं क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. भागाकार केला की एका चौरस मीटरच्या वाट्याला साधारण ६० मिलिग्रॅम येतात. डोळ्यांत घालायच्या औषधाचा एक थेंब असतो ना, साधारण तेवढंच. एका फरशीवर एक थेंब, आणि त्याने पृथ्वी थंड होते.

कारण तो थेंब एक राहत नाही. तो अर्धा मायक्रॉन त्रिज्येच्या कणांत वाटला गेला तर सहा-सात हजार कोटी कण होतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या सगळ्या कणांच्या सावल्या शेजारी शेजारी मांडल्या तर त्या चौरस मीटरचा जवळपास विसावा भाग झाकला जातो. शिवाय प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचा कण आपल्या सावलीच्या दुपटीहून थोडा जास्त प्रकाश वळवतो. म्हणून सरळ डोक्यावरून येणाऱ्या उन्हातला दहा-पंधरा टक्के भाग आपली सरळ वाट सोडतो. पण वाट सोडलेला बहुतेक प्रकाश किंचित वळून खालीच येतो. त्यामुळे पिनाटुबोनंतर आकाश निळं न दिसता दुधाळ दिसे, आणि सूर्याभोवती पांढुरकं तेजोमंडळ पसरलेलं असे. मागे फिरून अवकाशात जाणारा भाग त्या मानाने थोडा. पृथ्वी सरासरी दर चौरस मीटरला २४० वॉट ऊर्जा सूर्याकडून शोषते. त्यातले तीन-चार वॉट पिनाटुबोच्या ऐन भरात कमी पडले. शंभरातला एक-दीड भाग.

तुमच्यातल्या चौकस माणसाला इथे एक शंका येईल. हे थेंब आत येणारं ऊन अडवतात, तर पृथ्वीकडून बाहेर जाणारी उष्णता का अडवत नाहीत? तीही थोडी अडवतात. पण उन्हाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास आणि बाहेर जाणाऱ्या उष्णतेची दहा मायक्रॉनच्या आसपास. अर्ध्या मायक्रॉनचा थेंब उन्हासमोर खडक असतो, आणि उष्णतेच्या लांब लाटेसमोर वाळूचा कण. थेंब दोन मायक्रॉनच्या पुढे वाढले तर हिशोब उलटतो आणि ते पांघरुणासारखे वागू लागतात. पिनाटुबोचे थेंब सुरुवातीला बरेच लहान होते आणि वाढून अर्ध्या मायक्रॉनच्या जवळ पोचले. म्हणजे ते थंडावा देणाऱ्याच बाजूला राहिले. जी थोडी उष्णता त्यांनी शोषली, तिने त्यांच्या आजूबाजूची हवा तापवली: उष्ण कटिबंधावरचं स्थितांबर दोन-तीन अंशांनी गरम झालं. वर गरम आणि खाली थंड, ही या प्रकाराची खूण आहे. सूर्यच मंद झाला असता तर दोन्हीकडे थंडी दिसली असती.

हे सगळं मोजताना चुका कुठे होतात ते सांगते, कारण जुने आकडे वाचताना ते माहीत असायला हवं. लायडारच्या मोजणीत एक उंची अशी निवडावी लागते जिथे हवा स्वच्छ आहे असं गृहीत धरता येतं. बाकी सगळं तिच्या तुलनेत मोजायचं. एरवी तीस किलोमीटरला हे बिनधास्त चालायचं. पिनाटुबोनंतर सुरुवातीला तिथेही थेंब होते. आम्ही सवयीने तीच उंची धरली आणि थर प्रत्यक्षापेक्षा पातळ काढत राहिलो. काही रात्रींच्या आकडेमोडीत थराच्या वर हवेपेक्षाही कमी प्रकाश परत येतोय असं दिसू लागलं, जे अशक्य आहे. तेव्हा चूक सापडली, आणि आधीच्या सगळ्या रात्री परत मोजाव्या लागल्या. दुसरी फसगत विरळ हिमढगांची. आपल्या अक्षांशांवर ते १५-१६ किलोमीटरपर्यंत येतात आणि थराचा तळ तिथेच आहे असं वाटतं. बर्फाचे कण प्रकाशाची दिशा विस्कटतात, म्हणून ते वेगळे काढता येतात. पण त्यासाठी दोन्ही दिशांचा प्रकाश वेगवेगळा नोंदलेला हवा.

उपग्रहांचीही अडचण झाली. वातावरणाच्या कडेतून उगवता-मावळता सूर्य बघून कण मोजणाऱ्या सेज-२ या उपकरणाला उष्ण कटिबंधात काही महिने थराच्या खालच्या भागातून सूर्यच दिसेना, इतका तो दाट होता. आणि समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान उपग्रहावरून मोजणाऱ्या पद्धती वरचा थर मध्ये आल्यामुळे समुद्र होता त्यापेक्षा थंड दाखवत होत्या. ही चूक जहाजांच्या आणि तरंगत्या बोयांच्या मोजणीशी ताडून दुरुस्त करावी लागली. कुणी दुरुस्तीविना नुसत्या उपग्रहाच्या आकड्यांवरून पिनाटुबोचा थंडावा दाखवत असेल तर त्यात हा खोटा थंडावाही मिसळलेला असतो. म्हणून थेट थरात जाऊन केलेल्या मोजण्यांचं मोल मोठं. भारतात ऑक्टोबर १९९१ आणि एप्रिल १९९२ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडून थराच्या आरपार मोजण्या केल्या गेल्या. कणांचा आकार कसा बदलत जातो ते आपल्या आकाशापुरतं अशा मोजण्यांतून कळलं.

आणि एक मोजणी अशी होती की जिला यंत्र लागलं नाही. १० डिसेंबर १९९२ च्या पहाटे आपल्याकडून खग्रास चंद्रग्रहण दिसलं. खग्रास अवस्थेत चंद्र एरवी तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला सूर्यप्रकाश त्याच्यावर पडतो. तो प्रकाश नेमका स्थितांबरातून तिरकस, लांबचा प्रवास करत जातो. त्या वेळी उद्रेकाला दीड वर्ष होत आलं होतं, तरी चंद्र इतका काळवंडला की जगभरच्या निरीक्षकांनी ते ग्रहण विलक्षण काळं असल्याची नोंद केली. माझ्या घराच्या गच्चीवरून तर काही वेळ तो शोधावा लागला.

आता अर्ध्या अंशाकडे. तीन वॉटांची तूट कायम राहिली असती तर पृथ्वी शेवटी दोन अंशांहून जास्त थंड झाली असती. पण समुद्र म्हणजे पाण्याने भरलेलं अवाढव्य भांडं. ते थंड व्हायला वेळ लागतो आणि तोवर वरचे थेंब विरळ होऊ लागलेले असतात. म्हणून प्रत्यक्ष घट सुमारे अर्ध्या अंशावर थांबली, आणि ती ऊन सर्वांत कमी होतं तेव्हा न दिसता काही महिने उशिरा, १९९२ मध्ये दिसली. जेम्स हॅन्सन आणि नासाच्या गोडार्ड संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी हे आधीच सांगितलं होतं. थर अजून पसरत असतानाच त्यांनी गणिती प्रारूप चालवून १९९२ च्या अखेरीस सुमारे अर्धा अंश घट होईल असं भाकीत केलं आणि जानेवारी १९९२ मध्ये ते छापलं. हवामानाच्या प्रारूपाची अशी उघड परीक्षा क्वचित होते, आणि ते भाकीत जवळपास तसंच खरं ठरलं. माझ्या पिढीच्या बऱ्याच जणांचा प्रारूपांवरचा विश्वास तिथून बसला.

पण अर्धा अंश ही सरासरी आहे, सगळीकडे सारखी थंडी नव्हे. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागात १९९२ चा उन्हाळा ठळकपणे थंड गेला. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मात्र युरोप आणि उत्तर आशियाचा मोठा भाग नेहमीपेक्षा उबदार होता. गरम झालेल्या स्थितांबराने वरचे वारे बदलले आणि समुद्रावरची ऊब आत ढकलली गेली, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. त्यात नुसत्या योगायोगाचा वाटा किती यावर अजून वाद आहे. शिवाय १९९१-९२ मध्ये एल निनो होता आणि तो पृथ्वी तापवतो. म्हणजे नोंदीत दिसणारी घट ही दोन विरुद्ध ओढींतून उरलेली घट होती. एल निनोचा वाटा वजा केल्याशिवाय पिनाटुबोचा खरा वाटा कळत नाही. आपल्या मॉन्सूनबद्दल विचारलंत तर हीच अडचण येते. ऊन कमी झालं की बाष्पीभवन कमी होतं, आणि ऑक्टोबर १९९१ ते सप्टेंबर १९९२ या वर्षात जगभरच्या जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांचा प्रवाह दोन्ही स्पष्ट घटले. पण एखाद्या जिल्ह्यात त्या वर्षी पाऊस कमी झाला तो पिनाटुबोमुळे की एल निनोमुळे, हे मी सांगणार नाही. तसं सांगता येत नाही.

दोन वर्षांनी हे का संपतं? कारण थेंब पडतात, फक्त फार हळू. अर्ध्या मायक्रॉनचा थेंब वीस किलोमीटर उंचीवर महिन्याला अर्धा-पाऊण किलोमीटर खाली सरकतो. पण विषुववृत्ताच्या आसपास स्थितांबरातली हवा संथपणे वर चढत असते, ध्रुवांकडे वाहते आणि तिकडे खाली उतरते. उष्ण कटिबंधात शिरलेला थेंब त्यामुळे लगेच खाली येत नाही. आधी वर धरला जातो, मग उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही गोलार्धांत वाटला जातो, आणि मध्यम किंवा उच्च अक्षांशांवर तपांबरात उतरतो. तिथे उतरला की पुढच्या पावसात संपला. या सगळ्याचा परिणाम असा की साठा साधारण वर्षाला एक-तृतीयांशावर येतो. पहिल्या वर्षी परिणाम ठळक, दुसऱ्या वर्षी ओसरता, तिसऱ्या वर्षी तापमानात शोधावा लागतो. हाच उद्रेक आइसलँडच्या अक्षांशावर झाला असता तर थेंब उतरत्या हवेच्या जवळच जन्मले असते, लवकर गेले असते आणि बहुतांश उत्तर गोलार्धातच राहिले असते.

मोठ्या उद्रेकाचा परिणाम त्याच प्रमाणात मोठा का नसतो, तेही या थेंबांतच आहे. गंधक दहापट आलं तर थेंबांची संख्या दहापट होत नाही. ते एकमेकांवर आदळून जुळतात, अम्ल आधीच्या थेंबांवर बसत जातं आणि थेंब मोठे होतात. मोठा थेंब तेवढ्याच वजनात कमी सावली देतो, उष्णता जास्त अडवतो आणि लवकर पडतो. तीनही गोष्टी थंडाव्याच्या विरोधात. इंडोनेशियातल्या तांबोराने एप्रिल १८१५ मध्ये सुमारे सहा कोटी टन सल्फर डायऑक्साइड सोडला असा अंदाज आहे, पिनाटुबोच्या तीन-चार पट. १८१६ मध्ये अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात आणि पश्चिम युरोपात उन्हाळा आलाच नाही, पिकं गेली. तरीही तो परिणाम काही वर्षांत ओसरला. त्या वेळी मोजायला कुणी नव्हतं; आकडा ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या त्या वर्षाच्या थरात किती गंधक सापडतं त्यावरून काढतात. दोन्ही टोकांना सापडलं, म्हणजे उद्रेक उष्ण कटिबंधातला, हे उलट दिशेने वाचता येतं.

आता तुमच्या टोंगाकडे येते. १५ जानेवारी २०२२ चा तो उद्रेक खरोखर ५७ किलोमीटरच्या आसपास पोचला, आणि त्याची दाबलहर पृथ्वीभोवती अनेकदा फिरली. पण त्याने स्थितांबरात नेलेला सल्फर डायऑक्साइड चार-पाच लाख टनांचाच होता. पिनाटुबोच्या तुलनेत तीस-चाळीस पटीने कमी. तो समुद्राखालून फुटला होता, त्यामुळे त्याने वर नेलं ते मुख्यतः पाणी: सुमारे १५ कोटी टन वाफ. एरवी कोरड्या असलेल्या स्थितांबरातल्या एकूण पाण्यात एका दुपारीत दहाएक टक्क्यांची भर पडली. वाफ स्वतः उष्णता अडवते, थेंब ऊन अडवतात. दोन्ही लहान आणि विरुद्ध. म्हणून तुम्हांला तापमानात काही दिसलं नाही.

आवाज आणि गंधक यांचा संबंध नसतो, याचं याहून नेमकं उदाहरण जोडीने आहे. अमेरिकेतला सेंट हेलेन्स १९८० मध्ये फुटला आणि मेक्सिकोतला एल चिचोन १९८२ मध्ये. फेकलेल्या शिलारसाच्या मापात दोघं फार वेगळे नव्हते. पण पहिल्याने सुमारे दहा लाख टन सल्फर डायऑक्साइड सोडला, दुसऱ्याने सत्तर लाख. पहिल्याचा हवामानावरचा परिणाम नगण्य. दुसऱ्याचा थर वर्षभर जगभर मोजला गेला. फरक शिलारसातल्या गंधकाचा. एल चिचोनच्या आणि पिनाटुबोच्याही ताज्या प्युमिस दगडात ॲनहायड्राइट, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे स्फटिक सापडले. पावसात ते विरघळून जातात, म्हणून धुवून निघण्याआधी गोळा केलेल्या नमुन्यांतच ते दिसतात. जुन्या उद्रेकांच्या दगडांत ते न सापडण्याचं एक कारण हेही आहे.

पुढचा मोठा उद्रेक झाला की बातम्यांत उंची आणि राखेचे फोटो येतील. मी त्या दिवशी उपग्रहाने मोजलेला सल्फर डायऑक्साइड पाहीन, आणि त्यातला किती तपांबराच्या वर आहे ते. दहा लाख टनांच्या आसपास असेल तर तापमानाच्या नोंदीत काही शोधायचं नाही. पन्नास लाखांच्या पुढे आणि उष्ण कटिबंधात असेल तर अक्षांश आणि ऋतू बघीन, कारण त्यावर तो दोन्ही गोलार्धांत वाटला जाणार की एकाच, ते ठरतं. मग सहा आठवडे थांबून लायडारवर थराची उंची आणि थेंबांचा आकार. तेवढं हातात आलं की पुढचा उन्हाळा किती मंद असेल ते बऱ्यापैकी सांगता येतं.